जांभळाच्या मधाचे पंधरा सेकंद

पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस असतं, कराडला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं कृषी प्रदर्शन लागतं. अशा ठिकाणी एका रांगेत तीन-चार तरी स्टॉल मधाचे निघतात, आणि त्यातला एखादा महाबळेश्वरकडचा असतो. सगळ्यांच्या बरण्या सारख्याच सोनेरी, पाट्यांवर एकच मजकूर: शंभर टक्के शुद्ध. तरी एका स्टॉलपुढे माणसं थांबतात आणि शेजारच्यापुढून नुसती सरकत जातात. यात नशिबाचा वाटा असतोच, कोपऱ्यावरचा स्टॉल मिळाला तर तो मोठाही असतो. पण बराच फरक विक्रेता पहिल्या पंधरा सेकंदांत काय बोलतो याने पडतो. ते पंधरा सेकंद कसे बांधायचे, हे एका उदाहरणावरून सविस्तर पाहू. उदाहरण मधाचंच घेऊ, कारण मध विकणं दिसतं त्यापेक्षा अवघड आहे.

समजा, मांघरच्या एका कुटुंबाचा स्टॉल आहे. मांघर हे महाबळेश्वर तालुक्यातलं छोटं गाव. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि या डोंगरातल्या गावांना सातेरी माशीच्या लाकडी पेट्या कित्येक वर्षांपासून परिचयाच्या आहेत. या कुटुंबाकडे जांभळाचा आणि हिरड्याचा असा दोन प्रकारचा मध आहे. स्टॉलवर घरातली बाई बोलायला उभी आहे आणि पुतण्या बरण्या भरून देतो, पैसे घेतो. ही वाटणी आधीच केलेली बरी. बोलणारीच सुटे पैसे मोजत बसली, तर तेवढ्या वेळात समोरून जाणारी माणसं तिच्या हातची गेली.

आता थोडं गणित. स्टॉलची रुंदी साधारण १० फूट, म्हणजे तीन मीटर. गर्दीत रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला अर्धा ते एक मीटर जातो. म्हणजे तो आपल्या समोर असतो तीन ते सहा सेकंद. पंधरा सेकंद त्याने आपल्याला दिलेलेच नाहीत. पहिल्या तीन सेकंदांत पुढचे बारा मिळवायचे असतात, आणि हे एकदा ध्यानात आलं की वाक्यांचा क्रम आपोआप बदलतो.

बहुतेक स्टॉलवर पहिल्या दिवशी जे ऐकू येतं ते साधारण असं असतं: “नमस्कार, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातल्या महिला स्वयंसहाय्यता समूहाच्या सदस्या आहोत. आमच्याकडे शंभर टक्के शुद्ध, नैसर्गिक आणि आरोग्यदायी मध, तसंच स्ट्रॉबेरी जाम, क्रश, सरबत, चिक्की मिळेल.” यात खोटं काहीच नाही. पण शब्द मोजून पाहा. ‘मध’ हा शब्द एकोणिसावा येतो. स्पष्ट, ऐकू जाईल असं मराठी आपण मिनिटाला सुमारे १३० शब्दांच्या वेगाने बोलतो. त्या हिशेबाने ‘मध’ तोंडातून बाहेर पडेपर्यंत आठ सेकंद झालेले असतात आणि माणूस शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलपाशी पोहोचलेला असतो. त्याच्या कानावर पडलं ते एवढंच, की या कुठल्यातरी समूहाच्या सदस्या आहेत. ही वाक्यं खरं म्हणजे उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घडलेली असतात. पाहुण्यांना समूहाचं नाव हवं असतं. पिशवी घेऊन फिरणाऱ्याला ते सातव्या-आठव्या मिनिटाला, बरणी हातात घेतल्यावर हवं असतं.

त्या वाक्यांतली दुसरी अडचण ‘शुद्ध’ या शब्दाची आहे, आणि माझ्या मते सगळा पेच तिथेच आहे. मध घेणाऱ्याच्या मनात शंका असते आणि ती रास्त आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला होता. त्यातले जेमतेम तीन ब्रँड सगळ्या चाचण्यांत उतरले. साखरेचा पाक असा बनवता येतो की तो नेहमीच्या चाचण्यांना चकवतो, हे तेव्हा घरोघरी कळलं. त्यानंतर ‘शुद्ध’ म्हणणारा प्रत्येक विक्रेता ऐकणाऱ्याला तेच म्हणतो आहे जे भेसळवालाही म्हणाला असता. दावा खरा असला तरी समोरच्याला तो पंधरा सेकंदांत तपासता येत नाही, म्हणून तो कानावरून जातो.

मग काय सांगायचं? जे त्याला तिथल्या तिथे, उभ्या उभ्या तपासता येईल ते. मधाच्या बाबतीत ती सोय जिभेवर आहे. जांभळाच्या फुलांचा मध आधी गोड लागतो आणि गिळल्यावर मागून किंचित कडवट, तुरट चव येते. ही चव येणार हे आपण आधी सांगितलं आणि चार सेकंदांनी ती खरंच आली, तर समोरच्याला एक गोष्ट पटते: या बाईला आपला माल माहीत आहे. शुद्धता त्याने सिद्ध होत नाही, तसं भासवूही नये. पण पुढचं ऐकायला तो थांबतो, आणि पंधरा सेकंदांकडून तेवढंच हवं असतं.

म्हणून मजकूर असा ठरतो:

“मधाची चव बघा. महाबळेश्वरच्या जंगलातला, जांभळाच्या फुलांचा. आधी गोड लागेल, मागून जरासा कडू.” इथे थांबायचं. “आला ना कडूपणा? पेट्या आमच्याच, एप्रिल-मेमध्ये काढलेला. आता हा हिरड्याचा घ्या, फरक सांगा.”

एकूण २६ शब्द. १३०च्या वेगाने त्यांना १२ सेकंद लागतात, आणि मधे ३ सेकंद गप्प. लिहून पाहिलं तर मजकूर फार तोकडा वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, आणि मग त्यात ‘नैसर्गिक’, ‘घरगुती’, ‘पारंपरिक’ असे शब्द भरायचा मोह होतो. ते भरण्याआधी मोबाइलवर घड्याळ लावून, शेजारी रेडिओ मोठ्याने चालू ठेवून एकदा म्हणून पाहावं. प्रदर्शनाच्या मंडपात लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांच्या घोषणा चालू असतात, कुठे भजी तळली जात असते, कुठे गाणं लागलेलं असतं. तिथे घाईने बोललेला जोडाक्षरी शब्द ऐकूच जात नाही. ‘स्वयंसहाय्यता’ हा शब्द गोंगाटात म्हणून पाहा म्हणजे कळेल. ‘गोड’, ‘कडू’, ‘चव’ हे मात्र पोहोचतात.

एकेका वाक्याचं काम वेगळं आहे. “मधाची चव बघा” हे चालणाऱ्यासाठी. दीड सेकंदाचं वाक्य, पण नुसतं बोलून उपयोग नाही. बोलतानाच लाकडी काडी मधात बुडवून, मध वेटाळून, त्याच्या हाताच्या उंचीवर पुढे धरलेली हवी. त्याच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मोबाइल असतो. काडी दोन बोटांत धरता येते, चमचा आणि वाटी धरता येत नाही. टेबलामागे खुर्चीवर बसून हे जमत नाही. टेबलाच्या कडेला, वाटेच्या बाजूने उभं राहावं लागतं. काड्या एकदाच वापरायच्या, वापरलेल्या टाकायला डबा त्याच्या बाजूला ठेवायचा, आणि चवीच्या बरणीवर झाकण हवं. मधावर माश्या घोंगावत असतील तर पुढचं कितीही चांगलं बोलणं वाया जातं.

आधी हाक कशी मारायची, हेही ठरवून ठेवावं. “या ताई”, “बघा दादा” पुरतं. पुण्या-मुंबईत चाळिशीच्या बाईला “मावशी” म्हटलं की काही जणी तिथेच हसून पुढे जातात, थांबत मात्र नाहीत. साताऱ्याकडचं “घ्या की, बघा की” हे तसंच ठेवावं. ते पुसून प्रमाण भाषेत बोलायचा प्रयत्न केला की आवाज आकाशवाणीसारखा होतो आणि ‘पेट्या आमच्याच’ हे वाक्य खरं वाटेनासं होतं.

दुसऱ्या वाक्यात ‘महाबळेश्वर’ आहे, कारण ते नाव ऐकणाऱ्याला नव्याने सांगावं लागत नाही. पण ते नाव स्वतःबरोबर स्ट्रॉबेरी घेऊन येतं. पाचगणीची मॅप्रो १९५९ पासून फळांचे पदार्थ बनवते आहे, आणि सहलीहून येताना क्रशची बाटली आणणारी पिढी आता आजी-आजोबा झाली. त्यामुळे ‘महाबळेश्वर’ ऐकताच माणूस टेबलावर लाल रंग शोधतो. पाठोपाठ लगेच ‘जंगलातला’ आणि ‘जांभळाच्या फुलांचा’ हे शब्द आले, तर ते चित्र दुरुस्त होतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि काही उत्साही विक्रेते ते मधाच्या बरणीलाही चिकटवू पाहतात. ते मानांकन स्ट्रॉबेरीचं आहे. मधाबद्दल बोलताना त्याचा उल्लेख केला तर ती दिशाभूल होते.

‘फुलांचा’ हा शब्द गाळला तर गडबड ठरलेली. नुसतं “जांभळाचा मध” म्हटलं की निम्म्या लोकांना मधात जांभळाचा रस घातलाय असं वाटतं, आणि बरणी जांभळी का नाही असं ते विचारतात. मुंबईत हिंदीत “जामुन का शहद” म्हटलं की हा गोंधळ दुप्पट होतो. म्हणून हिंदी मजकूरही आधीच बसवून ठेवावा आणि त्यातही ‘जामुन के फूल’ सुटू देऊ नये. ऐन वेळी मनातल्या मनात भाषांतर करायला गेलं की पहिलं वाक्यच अडखळतं.

जांभूळ म्हटल्यावर तिसरा गोंधळ मधुमेहाचा. जांभळाच्या बिया मधुमेहावर देतात हे घराघरांत ऐकलेलं असतं, त्यामुळे समोरूनच प्रश्न येतो: “शुगरवाल्यांना चालतो ना?” इथे हो म्हणण्याचा मोह फार मोठा आहे, कारण ‘हो’ म्हटलं की बरणी लगेच खपते. पण मध मुख्यतः साखरच आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. जांभळाच्या फुलातून आला म्हणून ती साखर कमी होत नाही. शिवाय तोंडाने केलेला दावाही कायद्याच्या कक्षेत येतो. औषधी चमत्कारांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा १९५४ चा कायदा तोंडी घोषणेलाही जाहिरात मानतो आणि त्याच्या यादीत मधुमेह आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही आवाजाने केलेली प्रसिद्धी जाहिरातीत मोडते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्तर छोटं आणि सरळ असावं: “दादा, साखरच आहे ती. डॉक्टरांना विचारून घ्या.” असं सांगितल्यावर एखादं गिऱ्हाईक जातं. बाजूला उभे असलेले दोघं मात्र ते ऐकत असतात. तान्हं मूल कडेवर असलेल्या बाईला विचारण्याआधीच सांगावं, की वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधात असू शकणारे काही जिवाणूंचे बीजाणू तान्ह्यांच्या आतड्यात वाढून गंभीर आजार करतात, मोठ्यांना त्याचं काही होत नाही.

मजकुरातली सगळ्यात अवघड जागा म्हणजे ते तीन सेकंदांचं गप्प राहणं. काडी तोंडात गेली की मध जिभेवर पसरायला आणि मागची चव यायला थोडा वेळ लागतो. नव्या विक्रेत्याला ती शांतता सहन होत नाही. तो तेवढ्यात किंमत सांगतो, जामची बरणी पुढे करतो, सवलत जाहीर करतो. झालं, कडवटपणा आला तेव्हा माणसाचं लक्ष जामकडे होतं. गप्प राहताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. भुवया किंचित आकसल्या की चव आली. तेव्हाच “आला ना कडूपणा?” हे विचारायचं, आधी नाही. आणि चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, तर तो प्रश्न गाळून सरळ दुसरी काडी द्यायची. सुपारी खाऊन आलेल्याला, नुकतंच आइस्क्रीम खाल्लेल्याला ती चव लागत नाही. प्रत्येकाला ती लागलीच पाहिजे असा हट्ट धरला की बोलणं जबरदस्तीचं होतं.

यासाठी सकाळी स्टॉल उघडताना, उघडलेल्या प्रत्येक बरणीतला मध स्वतः चाखून बघायला हवा. माश्या एकाच फुलावर जात नाहीत. जांभूळ फुललेला असताना काढलेल्या मधातही आजूबाजूचं इतर काही मिसळलेलं असतं, आणि एका पेटीचा मध दुसरीपेक्षा कमी कडवट निघू शकतो. ‘जांभळाचा’ म्हणजे मुख्यतः जांभळाचा. मधपाळ ते ओळखतो कारण रानात कधी काय फुललं होतं हे त्याने पाहिलेलं असतं, फुलोरा सुरू होण्याआधी जुना मध काढून चौकटी मोकळ्या केलेल्या असतात आणि फुलोरा सरताच चौकटी यंत्रात फिरवून नवा मध काढलेला असतो. खात्री हवी असेल तर मधातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती होते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे या विषयाची माणसं आहेत. पण एखाद्या बरणीत कडवटपणा नसेल तर त्या दिवशी ते वाक्य बोलू नये. हे कौशल्य उलटतं तेव्हा फार वाईट उलटतं: भाकीत चुकलं तर ‘शुद्ध’ म्हणणाऱ्यापेक्षाही आपली पत कमी होते.

“पेट्या आमच्याच, एप्रिल-मेमध्ये काढलेला.” हे वाक्य चव लागल्यानंतर येतं, आधी नाही. चाखल्यावर माणसाला पहिला प्रश्न पडतो, हा आणला कुठून? त्याचं उत्तर चार शब्दांत. महिना सांगितल्याने दोन गोष्टी होतात. ऐकणाऱ्याला कळतं की मध वर्षभर नळाला येत नाही, त्याचा हंगाम असतो. आणि डिसेंबरातल्या जत्रेत बरणीच्या तळाशी कण दिसले तर त्याचं कारण सांगायला जागा होते. शेवटचं “आता हा हिरड्याचा घ्या, फरक सांगा” हे ‘घ्या ना, घ्या ना’च्या जागी आहे. दोन चवी समोर ठेवल्या की माणूस परीक्षक होतो. ‘घ्यायचा की नाही’ हा प्रश्न बाजूला राहून ‘यातला कुठला बरा’ यावर तो बोलू लागतो. हे मी युक्ती म्हणून सांगतो आहे आणि ती युक्तीच आहे. पण ती खऱ्या फरकावर उभी आहे, म्हणून चालते. एकच मध दोन बरण्यांत ठेवून कुणी हे करू पाहिलं, तर पाचव्या माणसाला कळेल.

किंमत या पंधरा सेकंदांत नाही, हे लक्षात आलं असेल. ती मोठ्या आकड्यांत पाटीवर असावी, प्रत्येक मापाच्या बरणीसमोर वेगळी. तोंडाने सांगितली की घासाघीस सुरू होते, आणि चव अजून लागलेलीच नसते. पाटीवर नसेल तर मात्र उलटं होतं. काही माणसं किंमत विचारायलाच संकोचतात, आणि न विचारता निघून जातात.

पंधरा सेकंदांनंतर गप्प बसायचं आणि प्रश्नाची वाट पाहायची. पहिला प्रश्न बहुधा तोच: “शुद्ध आहे कशावरून?” इथे काही जण काडेपेटी काढतात. मधात बुडवलेली काडी पेटली की मध शुद्ध, किंवा पाण्यात टाकलेला थेंब न विरघळता तळाला गेला की शुद्ध. लोकांना हा खेळ आवडतो, पण त्यातून फक्त मध घट्ट आहे आणि त्यात पाणी कमी आहे एवढंच कळतं. साखरेचा घट्ट पाकही तसाच वागतो. उत्तर खरं द्यावं: जिभेला आणि काडेपेटीला शुद्धता कळत नाही, ती प्रयोगशाळेत कळते. बरणीवरचा परवाना क्रमांक दाखवावा, तपासणीचा कागद असेल तर तो पारदर्शक पिशवीत घालून टेबलावर ठेवावा, आणि मांघरला येऊन पेट्या बघायचं आमंत्रण द्यावं. कागद असला तरी त्यातले आकडे पंधरा सेकंदांत घुसवायचे नाहीत. त्यांना संदर्भ लागतो. उदाहरणार्थ, आपल्या मानकांत मधातल्या सुक्रोजची मर्यादा साधारणपणे ५ टक्के आहे, पण कारवीच्या मधाला ती १० टक्के दिली आहे, कारण त्या फुलाचा मधच तसा. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध कुणी विकत असेल आणि घाईत फक्त आकडा बोलला, तर ऐकणाऱ्याला तीच भेसळ वाटेल.

दुसरा प्रश्न थंडीतला: “हा गोठलाय, म्हणजे साखर घातली ना?” मधातलं ग्लुकोज थंडीत कणांच्या रूपात वेगळं होतं, म्हणून मध रवाळ होतो. काही फुलांचा लवकर होतो, काहींचा उशिरा. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. हे दोन वाक्यांत सांगता येतं, पण त्यापेक्षा चांगलं म्हणजे एक रवाळ बरणी मुद्दाम पुढे ठेवणं. जी गोष्ट लपवली असती तर भेसळ वाटली असती, ती आपण होऊन दाखवली की तिच्याबद्दलचा प्रश्न आरोपासारखा येत नाही.

मजकूर चालतो आहे की नाही, हे संध्याकाळच्या गल्ल्यावरून नीट कळत नाही. गल्ला गर्दीवर, वारावर, स्टॉलच्या जागेवर अवलंबून असतो. त्यापेक्षा पुतण्याने एका पुठ्ठ्यावर तीन रकाने आखावेत: किती जणांनी काडी घेतली, किती जणांनी प्रश्न विचारला, किती जणांनी बरणी घेतली. दर तासाला रेघोट्या. माणसं काडीच घेत नसतील तर दोष पहिल्या वाक्यात किंवा उभं राहण्याच्या जागेत आहे. काडी घेतात पण न विचारता जातात, असं दिसलं तर मधलं गप्प राहणं जमत नाहीये, किंवा चवच लागत नाहीये. प्रश्न विचारून, पाटीकडे बघून जातात तेव्हा प्रश्न किमतीचा किंवा बरणीच्या मापाचा आहे. बोलण्यात कितीही सुधारणा केली तरी तो सुटायचा नाही, लहान बरणी आणावी लागेल. “फिरून येतो” म्हणणाऱ्यांना विक्रीत धरू नये. त्यातले काही खरंच परत येतात, विशेषतः दोन हात मोकळे असावेत म्हणून शेवटी खरेदी करणारे, पण त्यांच्या भरवशावर मजकूर जोखता येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सकाळी पहिलं वाक्य “मधाची चव बघा”, दुपारनंतर “कडू मध चाखलाय का कधी?” असं करून रेघोट्या पाहाव्यात. दुसरं वाक्य जास्त लोकांना थांबवतं असं मला वाटतं, पण त्यातले बरेच गंमत म्हणून थांबतात आणि ‘कडू’ ऐकून आलेल्यांना गोड मध निराश करतो. पहिलंच ठेवावं असं माझं मत. पुठ्ठा वेगळं सांगत असेल तर पुठ्ठ्याचं ऐकावं.

घशाचीही काळजी घ्यावी लागते. दिवसाला सहा-सात तास, मिनिटाला एकदा जरी हे बोललं तरी चारशेच्या घरात वेळा होतं. गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, आवाज पट्टीनेही वर जातो, आणि चौथ्या दिवशी बसतो. कोमट पाणी जवळ ठेवावं, दर तासाने बोलणारं माणूस बदलावं, आणि लाउडस्पीकरची घोषणा चालू असताना बोलूच नये, फक्त काडी पुढे करावी. काडीला आवाज लागत नाही.

घाऊक माल घेणारा आला की हे सगळं बाजूला ठेवायचं. तो बहुधा चव घेण्याआधी लेबल वाचतो आणि बरणी उलटी करून बघतो. त्याला पंधरा सेकंदांत मिळायला हवं ते असं: या हंगामाचा किती किलो शिल्लक आहे, कुठल्या मापात भरून देता, पुढचा कधी येईल. सातेरीची पेटी वर्षाला काही किलोच देते, त्यामुळे मोठा आकडा सांगून नंतर बाहेरचा मध मिसळायची वेळ आणण्यापेक्षा “एवढाच आहे” हे सांगितलेलं बरं.

कराडला गिऱ्हाईकच वेगळं असतं. तिथे येणारे बरेच जण शेतकरी. मध त्यांनी रानात पोळ्यावरून खाल्लेला असतो, कडू-गोडाचं त्यांना अप्रूप नसतं. त्यांना मधापेक्षा पेटीत रस असू शकतो. स्ट्रॉबेरीचं फळ नीट परागीभवन झालं नाही तर वेडंवाकडं भरतं, आणि बियाण्याच्या कांद्यालाही फुलांवर माशी फिरावी लागते. पण “उत्पादन वाढतं” हे सुद्धा पंधरा सेकंदांत तपासता न येणारंच वाक्य झालं. तिथे जिभेऐवजी डोळ्यांना काम द्यावं लागतं. काचेच्या बाजूंची, आत एक चौकट असलेली पेटी टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, “दादा, यात राणी शोधून दाखवा. लांबट पोटाची, बाकीच्या तिला वाट देतात.” माणूस वाकतो, टोपी सावरतो, पोरालाही बोलावतो. राणी सापडली की प्रश्न त्याच्याकडून येतात: पेटी केवढ्याला, मुंग्या लागू नयेत म्हणून पायाखाली काय ठेवायचं, आणि फवारणीच्या दिवशी करायचं काय. शेवटच्याचं उत्तर असं, की फवारणी संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी, पेटीचं दार त्या रात्री जाळीने बंद ठेवावं, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही आधी सांगून ठेवावं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात, म्हणून कराडच्या स्टॉलवर एक जादा खुर्ची नेतात.